अँटी-टेन-ए तपासणी: नमुना कधी घ्यायचा आणि आकडा कोणत्या वक्रावर वाचायचा

हेपॅरिनवर असलेल्या रुग्णाच्या हाती कधी कधी असा रिपोर्ट येतो की त्यावर Anti-Xa, म्हणजे अँटी-टेन-ए, या नावापुढे केवळ 0.42 एवढा आकडा असतो आणि शेजारी एखादी संदर्भमर्यादा छापलेली असते. आकडा त्या मर्यादेच्या खाली असेल तर घरचे घाबरतात, आणि पुष्कळदा डोसही वाढवला जातो. प्रत्यक्षात दोन गोष्टी माहीत असल्याशिवाय या आकड्याला काहीच अर्थ नसतो. पहिली गोष्ट म्हणजे औषध दिल्यानंतर किती तासांनी रक्त घेतले, आणि दुसरी म्हणजे रुग्णाला कोणते हेपॅरिन चालू आहे व लॅबने तो आकडा त्याच हेपॅरिनच्या कॅलिब्रेशनवर काढला आहे का. या लेखात या दोनच गोष्टी नीट समजून घेऊ, आणि त्यासाठी एकाच रुग्णाचे उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू.

उदाहरण रचलेले आहे, पण अशा रुग्ण आपल्याकडे खरोखर येतात. लहानपणी संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झाली, पुढे शस्त्रक्रिया करून धातूची मायट्रल झडप बसवली, आणि आता वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी बाईंना दिवस गेले आहेत. धातूच्या झडपेवर गुठळी धरू नये म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते. एरवी चालू असलेली वॉरफॅरिन किंवा अॅसिट्रॉमची गोळी नाळेतून बाळापर्यंत पोहोचते आणि पहिल्या तिमाहीत बाळाला अपाय करू शकते. हेपॅरिन मात्र नाळ ओलांडत नाही. म्हणून त्यांना इनॉक्सापॅरिन या हेपॅरिनच्याच एका प्रकाराचे पोटाच्या कातडीखाली द्यायचे इंजेक्शन दर बारा तासांनी सुरू केले आहे. वजन 58 किलो आहे, म्हणून किलोमागे साधारण एक मिलिग्रॅम या हिशेबाने 60 मिलिग्रॅम सकाळी आठला आणि 60 मिलिग्रॅम रात्री आठला असा डोस ठरला. डोस कमी पडला तर झडप गुठळीने अडकू शकते, जास्त झाला तर रक्तस्राव होतो. गरोदरपणात तर हा हिशेब दर काही आठवड्यांनी बदलतो. त्यामुळे एरवी इनॉक्सापॅरिन मोजमापाशिवाय बिनधास्त दिले जात असले तरी या बाईंच्या बाबतीत मोजणे भाग आहे.

तपासणीत नेमके काय मोजले जाते ते आधी पाहू. हेपॅरिन स्वतः गुठळी थांबवत नाही. आपल्या रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचे एक प्रथिन असते, ते रक्त गोठवणाऱ्या काही घटकांना पकडून निकामी करते, पण हे काम ते फार संथपणे करते. हेपॅरिन त्याला चिकटले की त्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो. निकामी होणाऱ्या घटकांत दोन महत्त्वाचे आहेत, एक सक्रिय झालेला दहावा घटक, म्हणजेच फॅक्टर टेन-ए, आणि दुसरा थ्रॉम्बिन. अँटी-टेन-ए तपासणीत रुग्णाचा प्लाझ्मा घेऊन त्यात फॅक्टर टेन-ए ठरावीक आणि मुद्दाम जास्त प्रमाणात घालतात. प्लाझ्मातल्या हेपॅरिनच्या प्रमाणात त्यातला काही भाग निकामी होतो आणि बाकीचा शिल्लक राहतो. मग त्यात एक रंगद्रव्य बांधलेला छोटा पदार्थ टाकतात. शिल्लक राहिलेला टेन-ए तो पदार्थ तोडतो, त्यातून पॅरानायट्रोअॅनिलिन सुटते आणि मिश्रण पिवळे होऊ लागते. यंत्र 405 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात हा पिवळेपणा किती वेगाने वाढतो ते मोजते.

येथे संबंध उलटा आहे हे पक्के लक्षात ठेवावे. रंग जितका गडद, तितके हेपॅरिन कमी. रंग जितका फिका, तितके हेपॅरिन जास्त. मुळातच पिवळसर किंवा लालसर असलेला प्लाझ्मा, म्हणजे काविळीच्या रुग्णाचा किंवा नमुना घेताना रक्तपेशी फुटलेला, या तपासणीत हेपॅरिन खोटे कमी दाखवू शकतो, त्याचे कारण हेच. यंत्राला प्लाझ्माचा रंग आणि तपासणीचा रंग वेगळे ओळखता येत नाहीत.

यंत्राच्या हाती शेवटी येतो तो केवळ रंगाचा वेग. तो वेग म्हणजे किती आंतरराष्ट्रीय एकके प्रति मिलिलिटर, हे कॅलिब्रेशनचा वक्र सांगतो. त्या वक्राकडे आपण नंतर वळू. आधी वेळ.

कातडीखाली दिलेले इनॉक्सापॅरिन हळूहळू रक्तात उतरते. साधारण तीन ते पाच तासांनी ते रक्तात सर्वांत जास्त असते आणि मग मूत्रपिंडांमार्फत बाहेर जाऊ लागते. म्हणून नमुना इंजेक्शननंतर चार तासांनी घ्यायचा, असा नियम आहे. झडपेच्या गरोदर रुग्णांसाठी चार ते सहा तास असेही सांगितले जाते. रिपोर्टवर छापलेल्या मर्यादा या शिखराच्या वेळेसाठी असतात. दिवसातून दोनदा दिल्या जाणाऱ्या उपचाराच्या डोससाठी 0.6 ते 1.0, दिवसातून एकदा दिल्या जाणाऱ्या मोठ्या डोससाठी 1.0 ते 2.0 आणि गरोदरपणातील धातूच्या झडपेसाठी 0.8 ते 1.2 एकके प्रति मिलिलिटर, असे आकडे सर्वसाधारणपणे वापरले जातात. शिवाय पहिल्याच डोसनंतर नमुना घेण्यात अर्थ नसतो. दोन-तीन डोस होऊन पातळी स्थिरावली की मगच मोजावे, म्हणून बहुतेक ठिकाणी तिसऱ्या डोसनंतरचा नमुना पहिला मानतात.

आता आपल्या बाईंकडे येऊ. त्या सकाळी लवकर उपाशीपोटी साखर, थायरॉइड अशा इतर तपासण्यांसाठी लॅबमध्ये गेल्या आणि त्याच वेळी, साडेसात वाजता, निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये अँटी-टेन-एचेही रक्त दिले. सकाळचे आठचे इंजेक्शन अजून घ्यायचे होते. रिपोर्ट आला 0.42. संदर्भमर्यादा 0.8 ते 1.2, म्हणजे आकडा निम्म्याने कमी दिसतो. अर्जावर इंजेक्शनची वेळ लिहिलेली नसल्यामुळे डॉक्टरांनी तो चार तासांचा नमुना समजून डोस 80 मिलिग्रॅम केला.

या आकड्यात नेमके काय दडलेले होते ते मोजून पाहता येते. नमुना रात्री आठच्या इंजेक्शननंतर साडेअकरा तासांनी घेतला होता. शिखर मध्यरात्री बाराच्या सुमारास येऊन गेले असणार आणि त्यानंतर साडेसात तास गेले होते. या बाईंच्या शरीरात औषध निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात असे धरले, तर साडेसात तासांत दीड अर्धायुष्य उलटते आणि पातळी शिखराच्या सुमारे पस्तीस टक्क्यांवर येते. म्हणजे 0.42 ही तळाची पातळी असेल तर शिखर 1.2च्या आसपास होते, म्हणजे मर्यादेच्या वरच्या टोकाशी. कमी पडण्याचा प्रश्नच नव्हता. डोस 80 झाल्यावर दुपारी बाराला योग्य वेळी घेतलेला नमुना 1.5च्या पुढे गेला तर त्यात नवल नाही. रुग्णाचे दुखणे, औषध आणि लॅब, तिन्ही ठीक असताना एका न लिहिलेल्या वेळेने रक्तस्रावाचा धोका निर्माण झाला.

तळाची पातळी निरुपयोगी आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. गरोदरपणात मूत्रपिंडे जास्त वेगाने काम करतात, त्यामुळे शिखर योग्य असूनही पुढच्या डोसच्या आधी पातळी फार खाली जाऊ शकते. म्हणून झडपेच्या रुग्णांत काही केंद्रे पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधीचा नमुनाही मुद्दाम घेतात आणि तो 0.6च्या वर असावा असे पाहतात. या मर्यादेमागचा पुरावा तोकडा आहे, पण विचार बरोबर आहे. आपल्या बाईंना शिखर 1.2 आणि तळ 0.42 असेल तर डोस वाढवून शिखर आणखी चढवण्यापेक्षा तेवढेच औषध दिवसातून तीनदा वाटून द्यावे का, असा वेगळाच प्रश्न डॉक्टरांसमोर यायला हवा होता. मूत्रपिंड निकामी होत असलेल्या रुग्णात याच्या उलट घडते. तिथे तळाची पातळी खाली येतच नाही, आणि औषध साठत चालले आहे हे तळाच्या नमुन्यावरूनच कळते. दोन्ही वेळांचे नमुने उपयोगी आहेत, पण कोणता कोणत्या वेळेचा आहे हे लिहिलेले नसेल तर दोन्ही धोक्याचे आहेत.

दिवस पुढे सरकतात. आठव्या-नवव्या महिन्यात बाईंचे वजन 68 किलो झाले आहे. छत्तीसाव्या आठवड्यात त्यांना रुग्णालयात दाखल करून इनॉक्सापॅरिन बंद करायचे आणि शिरेतून सतत चालणारे साधे हेपॅरिन सुरू करायचे ठरते. कारण सरळ आहे. साधे हेपॅरिन शिरेतून बंद केले की त्याचे रक्तातले प्रमाण तास-दीड तासात निम्मे होते, त्यामुळे प्रसूतीच्या चार ते सहा तास आधी ते थांबवले तरी पुरते. शिवाय गरज पडली तर प्रोटॅमिनने ते पूर्ण उलटवता येते. इनॉक्सापॅरिनच्या बाबतीत प्रोटॅमिनचा परिणाम अर्धवटच असतो. ताशी किलोमागे 18 युनिट या हिशेबाने त्यांना ताशी सुमारे 1,200 युनिट लागतात. पाचशे मिलिलिटर सलाइनमध्ये 25,000 युनिट घातले तर एका मिलिलिटरमध्ये 50 युनिट होतात, म्हणून पंप ताशी 24 मिलिलिटरवर लावला जातो.

येथे वेळेचा नियम पूर्णपणे बदलतो. औषध सतत चालू असल्यामुळे शिखर आणि तळ असा प्रकार उरत नाही, रक्तात एक सपाट पातळी तयार होते. ती तयार व्हायला चार-पाच अर्धायुष्ये लागतात, म्हणजे साधारण सहा तास. म्हणून ठिबक सुरू केल्यावर किंवा त्याचा वेग बदलल्यावर सहा तासांनी नमुना घ्यायचा. त्याआधी घेतला तर अजून चढत किंवा उतरत असलेली पातळी मोजली जाते आणि सिस्टर तिच्या आधारे वेग बदलतात, मग पातळी दुसऱ्या टोकाला जाते. वेग स्थिर असताना मात्र नमुना दिवसात कधीही घेतला तरी चालतो. मर्यादा 0.3 ते 0.7 एकके अशी आहे, म्हणजे इनॉक्सापॅरिनच्या शिखराच्या मर्यादेपेक्षा बरीच खाली.

रक्त कुठून घेतले हेही इथे वेळेइतकेच महत्त्वाचे ठरते. ठिबक चालू असलेल्या हातातून, किंवा हेपॅरिनने धुतलेल्या सेंट्रल लाइनमधून रक्त घेतले तर नळीतले हेपॅरिन नमुन्यात उतरते. ही चूक ओळखता येते. आकडा अचानक 2च्या वर जातो किंवा वाचनाच्या पलीकडे जातो, सोबतची एपीटीटी ही रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी तपासणी वरची मर्यादा ओलांडते, पण रुग्णाच्या अंगावर कुठेही रक्तस्रावाची खूण नसते आणि दुसऱ्या हातातून लगेच घेतलेला नमुना शांतपणे 0.4 दाखवतो. असा आकडा दिसला की पंप बंद करण्याआधी किंवा निदान बंद करता करता दुसऱ्या हातातून नमुना पाठवावा.

साध्या हेपॅरिनचा नमुना प्रवासात बिघडतो, ही गोष्ट मला सर्वांत जास्त सांगावीशी वाटते, कारण आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी घेतलेले रक्त शहरातल्या लॅबकडे जायला कित्येक तास लागतात. रक्तातल्या प्लेटलेटमध्ये प्लेटलेट फॅक्टर फोर नावाचे प्रथिन असते. ट्यूबमध्ये रक्त पडून राहिले की प्लेटलेट ते सोडू लागतात, आणि ते लांब साखळीच्या हेपॅरिनला घट्ट धरून निष्प्रभ करते. रुग्णाच्या अंगात हेपॅरिन 0.5 असले तरी ट्यूबमध्ये ते 0.3 किंवा त्याहून कमी झालेले असू शकते. म्हणून 3.2 टक्के सायट्रेटच्या ट्यूबमध्ये रेषेपर्यंत नीट भरलेले रक्त एका तासाच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा प्लाझ्मा वेगळा काढायला हवा. लगेच तपासणी होणार नसेल तर तो प्लाझ्मा दुसऱ्यांदा फिरवून, प्लेटलेटचा शेवटचा अंश काढून फ्रीझरमध्ये गोठवायचा, आणि गोठलेल्या अवस्थेतच पाठवायचा. प्लेटलेटला शांत ठेवणारे घटक असलेल्या खास ट्यूब मिळतात, त्या वापरल्या तर चार तासांपर्यंत सवलत मिळते. लहान साखळीच्या इनॉक्सापॅरिनवर प्लेटलेट फॅक्टर फोरचा पगडा कमी असतो, त्यामुळे त्याचा नमुना इतका हळवा नसतो. ज्या लॅबला इनॉक्सापॅरिनच्या नमुन्यांची सवय आहे तिथे साध्या हेपॅरिनचा नमुनाही त्याच सवयीने हाताळला जाण्याची भीती इथूनच येते.

साखळीची लांबी हा शब्द दोनदा आला, आणि कॅलिब्रेशनचा प्रश्न तिच्याशीच जोडलेला आहे. हेपॅरिन म्हणजे साखरेच्या कड्यांची साखळी. साध्या हेपॅरिनमध्ये सगळ्या लांबीच्या साखळ्या मिसळलेल्या असतात, साधारण 3,000 ते 30,000 डाल्टन वजनाच्या, सरासरी 15,000. त्या तोडून किंवा गाळून लहान केल्या की लो मॉलिक्युलर वेट हेपॅरिन तयार होते. इनॉक्सापॅरिनचे सरासरी वजन 4,500च्या आसपास असते. अँटिथ्रॉम्बिनला पकडण्यासाठी साखळीत पाच कड्यांचा एक विशिष्ट तुकडा लागतो. फॅक्टर टेन-ए निकामी करायला तेवढा तुकडा पुरतो. थ्रॉम्बिनला निकामी करायचे असेल तर मात्र साखळीला अँटिथ्रॉम्बिन आणि थ्रॉम्बिन या दोघांनाही एकाच वेळी धरावे लागते, आणि त्यासाठी निदान अठरा कडी लागतात. साध्या हेपॅरिनच्या बहुतेक साखळ्या एवढ्या लांब असतात, म्हणून त्याची टेन-ए आणि थ्रॉम्बिनविरुद्धची ताकद सारखीच मानली जाते. इनॉक्सापॅरिनच्या बहुतेक साखळ्या तोकड्या असल्याने त्याची टेन-एविरुद्धची ताकद थ्रॉम्बिनविरुद्धच्या ताकदीच्या साडेतीन-चार पट असते. एपीटीटी ही जुनी तपासणी प्रामुख्याने थ्रॉम्बिनवरचा परिणाम दाखवते, त्यामुळे इनॉक्सापॅरिन मोजायला ती कुचकामी ठरते. गरोदर बाईंच्या बाबतीत तर साधे हेपॅरिन चालू असतानाही एपीटीटी फसवते, कारण गरोदरपणात आठवा घटक आणि फायब्रिनोजेन वाढलेले असतात आणि पुरेसे हेपॅरिन असूनही रक्त लवकर गोठल्यासारखे दिसते.

दोन्ही हेपॅरिनांची ताकद आंतरराष्ट्रीय एककांत लिहिली जाते म्हणून एकक एकच आहे असे वाटते, पण त्या एककांच्या मागची मूळ मापे वेगळी आहेत. साध्या हेपॅरिनचे एकक जागतिक आरोग्य संघटनेच्या साध्या हेपॅरिनच्या प्रमाणित नमुन्यावरून ठरते. लहान साखळीची हेपॅरिन आली तेव्हा त्यांचीही ताकद याच नमुन्याशी तुलना करून काढायचा प्रयत्न झाला, पण निरनिराळ्या प्रयोगशाळांची उत्तरे एकमेकांशी जुळेनात, कारण दोघांचे आलेख समांतर जात नव्हते. म्हणून 1980च्या दशकात लहान साखळीच्या हेपॅरिनसाठी वेगळा आंतरराष्ट्रीय प्रमाणित नमुना तयार करावा लागला. प्लाझ्मातली प्रथिने लांब साखळ्यांना अधिक चिकटतात, तपासणीचा काळ आणि क्षार बदलले की दोघांचा वेग सारख्या प्रमाणात बदलत नाही, आणि काही रसायनसंचांमध्ये डेक्स्ट्रान सल्फेट घातलेले असते, ते प्रथिनांना चिकटलेले साधे हेपॅरिन सोडवून आकडा वर नेते. या सगळ्यामुळे एकाच ताकदीच्या दोन हेपॅरिनांचा रंगाचा वेग सारखा येईलच असे नाही.

लॅबमध्ये कॅलिब्रेशन असे होते. कंपनी माहीत असलेल्या हेपॅरिनच्या पातळीचे प्लाझ्मा बाटल्यांत देते. साध्या हेपॅरिनच्या संचात शून्यापासून 0.8 किंवा 1.0 एककापर्यंत, लहान साखळीच्या संचात शून्यापासून 1.5 ते 2.0पर्यंत अशा चार-पाच पायऱ्या असतात. यंत्र प्रत्येक पायरीचा रंगाचा वेग मोजून आलेख काढते. आता समजण्यासाठी घेतलेले आकडे पाहू. समजा हेपॅरिन नसताना वेग 1.20 येतो आणि आपल्या बाईंच्या ठिबकाच्या नमुन्याचा वेग 0.90 आला. साध्या हेपॅरिनच्या वक्रावर 0.90 म्हणजे 0.28 एकके. लहान साखळीच्या वक्रावर तोच 0.90 म्हणजे 0.37. पहिल्या आकड्यावर डॉक्टर पंपाचा वेग वाढवतील, दुसऱ्यावर तसाच ठेवतील. ट्यूब एक, रंग एक, आणि निर्णय दोन. फरक कोणत्या दिशेने आणि किती पडेल हे रसायनसंचावर अवलंबून असते. काही संचांत तो नगण्य असतो, काहींत उपचार बदलण्याइतका मोठा. म्हणून एका लॅबचा अनुभव दुसऱ्या लॅबला तसाच लावता येत नाही.

यावर उपाय म्हणून पुष्कळ कंपन्या संयुक्त वक्र देतात, त्यात दोन्ही हेपॅरिनांचे कॅलिब्रेटर मिळून एकच आलेख बसवलेला असतो. रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला रुग्णाचे औषध कोणते हे विचारत बसावे लागत नाही, ही त्याची मोठी सोय आहे, आणि दाखल रुग्णांचे औषध वारंवार बदलत असलेल्या रुग्णालयात ती योग्यच म्हणावी लागेल. पण संयुक्त वक्र ही तडजोड आहे, आणि ती आपल्या यंत्रावर व आपल्या संचाबरोबर जमते का हे लॅबने स्वतः तपासायला हवे. त्यासाठी साध्या हेपॅरिनचे दोन पातळ्यांचे आणि लहान साखळीच्या हेपॅरिनचे दोन पातळ्यांचे, असे चारही कंट्रोल, म्हणजे पातळी आधीच माहीत असलेले नमुने, त्या वक्रावर रोज वाचून पाहावेत. एकाच प्रकारचे कंट्रोल लावणाऱ्या लॅबला दुसऱ्या प्रकारचा वक्र घसरला तरी समजत नाही. रसायनाचा नवा लॉट आला की कॅलिब्रेशन पुन्हा करावे, हे तर आहेच.

वेगवेगळे वक्र वापरणाऱ्या लॅबमध्ये आणखी एक अडचण येते. साध्या हेपॅरिनचा वक्र 0.8 किंवा 1.0वर संपतो, आणि इनॉक्सापॅरिनचे शिखर सहज 1.1 किंवा 1.2 असते. तंत्रज्ञाने नकळत साध्या हेपॅरिनचा कोड निवडला तर रिपोर्ट 'मर्यादेपेक्षा जास्त' असा येतो आणि बाईंचा योग्य डोस धोकादायक वाटू लागतो. नमुना पातळ करून पुन्हा मोजायचा झाला तर तो निरोगी लोकांच्या एकत्र केलेल्या प्लाझ्माने पातळ करावा, साध्या बफरने नव्हे, कारण ज्या संचात बाहेरून अँटिथ्रॉम्बिन घातले जात नाही तिथे बफरबरोबर रुग्णाचे अँटिथ्रॉम्बिनही पातळ होते आणि आकडा खोटा कमी येतो.

आता औषध बदलतानाचा तो काही तासांचा काळ पाहू, कारण तिथे वेळ आणि वक्र दोन्ही प्रश्न एकत्र येतात. बाईंना शेवटचे इनॉक्सापॅरिन रात्री आठला दिले आणि पुढचा डोस ज्या वेळी यायचा त्या सकाळी आठला, सुरुवातीचा मोठा डोस न देता, ठिबक सुरू केले. सहा तासांनी, दुपारी दोनला, नमुना गेला. त्या वेळी इनॉक्सापॅरिन देऊन अठरा तास झालेले असतात. पाच तासांच्या अर्धायुष्याच्या हिशेबाने शिखर 1.1 असेल तर अजून 0.15च्या आसपास इनॉक्सापॅरिन रक्तात उरलेले असते. तपासणीला दोन्ही हेपॅरिन सारखेच दिसतात, ती त्यांची बेरीज सांगते. अशा मिश्र नमुन्याला साधा वक्रही पूर्ण बरोबर नाही आणि लहान साखळीचाही नाही. रिपोर्ट 0.45 आला तर त्यातला ठिबकाचा वाटा कदाचित 0.30च असेल, आणि रात्रीपर्यंत उरलेले इनॉक्सापॅरिन निघून गेले की पातळी न बदललेल्या पंपावरही खाली उतरेल. म्हणून या पहिल्या आकड्यावर पंप कमी करू नये, सहा तासांनी दुसरा नमुना घ्यावा, आणि साध्या हेपॅरिनच्या वक्रावर वाचलेला तो दुसरा आकडा खरा धरावा.

असाच पण कितीतरी मोठा गोंधळ रिव्हॅरॉक्सॅबॅन किंवा अॅपिक्सॅबॅन या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांत होतो. या गोळ्या फॅक्टर टेन-ए थेट अडवतात, त्यामुळे हेपॅरिन सुरू केल्यावर अँटी-टेन-एचा आकडा कोणत्याही हेपॅरिनच्या वक्रावर अवास्तव वर जातो आणि शेवटच्या गोळीनंतर दोन-तीन दिवसही, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून जास्त काळ, तसाच राहू शकतो. गरोदर बाईंना या गोळ्या देत नाहीत, पण पायात गुठळी होऊन दाखल झालेल्या वयस्क रुग्णाच्या घरच्या औषधांत त्या अगदी सहज सापडतात. तिथे तेवढे दिवस एपीटीटीवर विसंबून राहणे बरे. फॉन्डापॅरिनक्स हे तिसरे औषधही टेन-एच अडवते, पण त्याची मोजणी मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आणि त्याच्याच कॅलिब्रेटरवर करावी लागते. हेपॅरिनच्या एककांत आलेला त्याचा आकडा वाचू नये.

लॅबमध्ये पाठवायच्या अर्जावर म्हणून चार गोष्टी लिहाव्यात: औषधाचे नाव, डोस, शेवटचा डोस दिल्याची नेमकी वेळ किंवा ठिबकाचा वेग केव्हा बदलला ती वेळ, आणि रक्त घेतल्याची वेळ. रुग्णाच्या नातेवाइकांनाही हे विचारता येते, आणि विचारावे. इनॉक्सापॅरिन घरी घेणाऱ्या गरोदर बाईंनी इंजेक्शन सकाळी आठला घेऊन रक्त द्यायला दुपारी बाराला जावे. साखरेसाठी उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल तर ते वेगळे द्यावे, दोन फेऱ्या झाल्या तरी चालेल. रिपोर्ट हाती आल्यावर त्याच्या तळाशी कोणत्या हेपॅरिनचे कॅलिब्रेशन वापरले ते छापलेले आहे का ते पाहावे, आणि नसेल तर लॅबला फोन करून विचारावे. चांगली लॅब या प्रश्नाचे उत्तर लगेच देते.